ॲडव्हेंटचे चार रविवार : मोजणी नाताळपासून मागे, पहिला रविवार कधी नोव्हेंबरात, कधी डिसेंबरात

नाताळ २५ डिसेंबरला, ही तारीख कधी हलत नाही. पण त्याआधीचा तयारीचा काळ, म्हणजे ॲडव्हेंट किंवा मराठीत आगमनकाळ, दरवर्षी वेगळ्या तारखेला सुरू होतो. २०२३ मध्ये तो ३ डिसेंबरला सुरू झाला, २०२४ मध्ये १ डिसेंबरला आणि २०२५ मध्ये ३० नोव्हेंबरला. त्यामुळे ‘डिसेंबरचा पहिला रविवार म्हणजे ॲडव्हेंटचा पहिला रविवार’ असा जो समज बऱ्याच घरांत आहे, तो काही वर्षी बरोबर ठरतो आणि काही वर्षी साफ चुकतो. चुकला की पहिली मेणबत्ती आठवडाभर उशिरा पेटते आणि नाताळ आला तरी चौथी तशीच राहते.

हा घोळ टाळायचा सोपा मार्ग म्हणजे पुढून न मोजता मागून मोजणे.

हिशोब कसा करायचा?

रोमन कॅथलिक, अँग्लिकन परंपरेतल्या आणि बहुतेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये ॲडव्हेंटचे रविवार चारच असतात. कमी नाहीत, जास्त नाहीत. त्यातला चौथा रविवार म्हणजे नाताळच्या आधीचा अगदी लगतचा रविवार. तो एकदा सापडला की बाकीचे तीन सात-सात दिवस मागे जाऊन मिळतात.

२०२६ सालचे उदाहरण घेऊ. या वर्षी २५ डिसेंबरला शुक्रवार आहे. त्याआधीचा रविवार २० डिसेंबर, हा चौथा. त्यातून सात दिवस वजा केले की १३ डिसेंबर, हा तिसरा. आणखी सात वजा, ६ डिसेंबर, हा दुसरा. पुन्हा सात मागे गेलो की डिसेंबर संपतो आणि २९ नोव्हेंबर येतो. हा पहिला रविवार, आणि ॲडव्हेंटची सुरुवात त्या दिवशी. इथे डिसेंबरचा पहिला रविवार ६ तारखेला येतो, पण ॲडव्हेंटच्या मोजणीत तो दुसरा आहे.

एक बारकावा लक्षात ठेवायला हवा. चर्चच्या पद्धतीत रविवार आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेपासून सुरू होतो. म्हणजे २९ नोव्हेंबरचा रविवार धरला, तर शनिवारी २८ तारखेच्या संध्याकाळीच आगमनकाळ लागतो. म्हणून कॅथलिक चर्चमध्ये शनिवारी संध्याकाळी रविवारची मिस्सा असेल, तर तिथे जांभळा रंग आदल्या दिवशीच दिसतो.

कॅलेंडर हाताशी नसेल तर

नाताळचा वार माहीत असला तरी पुरे. सोमवारला १, मंगळवारला २ असे करत शनिवारला ६ आणि रविवारला ७ आकडा द्यायचा. हा आकडा २५ मधून वजा केला की चौथ्या रविवारची तारीख मिळते. शुक्रवारचा आकडा ५, म्हणून २५ वजा ५ बरोबर २०. मग त्यातून २१ दिवस मागे गेले की पहिला रविवार.

इथे २८ नव्हे, २१ वजा करायचे. रविवार चार असले तरी त्यांच्यामधल्या जागा तीनच असतात. चार खांबांत तीन गाळे पडतात, तसेच हे. ‘चार आठवडे मागे’ म्हणून २८ दिवस वजा करणारा एक अख्खा आठवडा आधी पोचतो.

नाताळचा वार आठवत नसेल, तर पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीचा वार पाहावा. २५ डिसेंबर आणि १ जानेवारी यांच्यात बरोबर सात दिवस असल्याने दोन्हींचा वार नेहमी एकच असतो.

नाताळ रविवारी आला तर?

सर्वात जास्त चूक इथे होते. २५ डिसेंबरला रविवार असेल, तर तो ॲडव्हेंटचा चौथा रविवार धरायचा नाही. तो दिवस नाताळचा. चौथा रविवार त्याच्या आधीचा, म्हणजे १८ डिसेंबर. म्हणूनच वरच्या हिशोबात रविवारला शून्य नव्हे, ७ आकडा दिला आहे. २०२२ मध्ये असेच झाले होते. चौथा रविवार १८ डिसेंबरला आणि पहिला २७ नोव्हेंबरला आला. त्या वर्षी आगमनकाळाला पूर्ण २८ दिवस मिळाले. ॲडव्हेंट यापेक्षा लवकर सुरू होऊच शकत नाही. पुढचा असा योग २०३३ मध्ये आहे.

आणि सोमवारी आला तर?

हे दुसरे टोक. २०२३ मध्ये नाताळ सोमवारी होता. त्यामुळे चौथा रविवार थेट २४ डिसेंबरला आला आणि पहिला ३ डिसेंबरला. ॲडव्हेंट यापेक्षा उशिरा सुरू होत नाही. त्या वर्षी सगळा काळ मिळून २२ दिवसांचा झाला आणि चौथ्या आठवड्याला जेमतेम एक दिवस मिळाला. तोही पुरता नाही, कारण २४ तारखेच्या संध्याकाळी नाताळची प्रार्थना सुरू होते आणि आगमनकाळ तिथेच संपतो.

अशा वर्षी चर्चमध्ये काम करणाऱ्यांची धावपळ होते. सकाळी जांभळ्या वस्त्रांत चौथ्या रविवारची उपासना, चौथी मेणबत्ती, आणि काही तासांत तेच चर्च नाताळच्या पांढऱ्या रंगात सजवायचे. भाविकांचाही गोंधळ उडतो. २४ तारखेच्या रात्रीची मिस्सा केली की रविवारची झालीच, असे काही जण धरून चालतात. कॅथलिक चर्चच्या नियमात रविवार आणि नाताळ ही दोन वेगळी कर्तव्ये आहेत, त्यामुळे एकाच मिस्सेत दोन्ही भागत नाहीत. रविवारसाठी शनिवारी संध्याकाळी किंवा रविवारी, आणि नाताळसाठी रविवारी रात्री किंवा सोमवारी, अशा दोन मिस्सा कराव्या लागतात. पुढे २०२८ मध्येही नाताळ सोमवारी आहे, तेव्हा वेळापत्रक ठरवताना हे आधीच पाहिलेले बरे.

तारीख सरकते कशी?

साध्या वर्षात नाताळचा वार एक दिवस पुढे जातो, लीप वर्षात दोन. वार पुढे गेला की ॲडव्हेंटची सुरुवात तेवढीच मागे येते. २०२३ ला ३ डिसेंबर होती; २०२४ लीप वर्ष असल्याने ती दोन दिवस मागे येऊन १ डिसेंबर झाली. २०२५ ला ३० नोव्हेंबर, २०२६ ला २९ आणि २०२७ ला २८ नोव्हेंबर. २०२८ पुन्हा लीप वर्ष. आणखी दोन दिवस मागे म्हणजे २६ नोव्हेंबर व्हायला हवी, पण ती २७ च्या मागे जात नाही. म्हणून एक आठवडा पुढे उडी मारून ती ३ डिसेंबरला येते. २०२९ ला २ डिसेंबर आणि २०३० ला पुन्हा १ डिसेंबर.

काढलेली तारीख बरोबर आहे का?

पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांतच पडला पाहिजे. सलग सात दिवसांत रविवार एकच असतो, त्यामुळे शंका उरत नाही. या सात दिवसांच्या बरोबर मध्ये ३० नोव्हेंबर आहे, म्हणजे प्रेषित संत आंद्रेया यांचा सण. चर्चच्या पुस्तकांत म्हणूनच नियम दुसऱ्या शब्दांतही सांगितलेला असतो : ३० नोव्हेंबरला येणारा किंवा त्याच्या सर्वात जवळचा रविवार. मागून मोजा किंवा आंद्रेयाच्या सणावरून पाहा, उत्तर एकच येते. दोन उत्तरे आली, तर वजाबाकीत कुठेतरी चूक आहे.

चर्चला जाणाऱ्यांना आणखी एक खूण पटते. ॲडव्हेंटच्या आधीच्या रविवारी ख्रिस्तराजाचा सण असतो आणि त्याने उपासनेचे वर्ष संपते. हा सण झाला की पुढचा रविवार ॲडव्हेंटचा पहिला.

सायबाचे फेस्त आणि ॲडव्हेंट

गोव्यात आणि सीमाभागात आणखी एक गल्लत होते. जुने गोवे येथील संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त ३ डिसेंबरला, आणि त्याची नोव्हेना २४ नोव्हेंबरपासून. या तारखा ठरलेल्या आहेत, वारावर अवलंबून नाहीत. फेस्त झाले की ॲडव्हेंट लागतो, असे काही जण धरतात. प्रत्यक्षात बहुतेक वर्षी नोव्हेना चालू असतानाच ॲडव्हेंट सुरू झालेला असतो. फक्त ३ डिसेंबरला रविवार आला, तर दोन्ही एकाच दिवशी पडतात. २०२३ मध्ये तसे झाले आणि २०२८ मध्ये पुन्हा होणार आहे.

अशी टक्कर झाली तर कॅथलिक नियमाप्रमाणे ॲडव्हेंटच्या रविवारला मान आधी. त्या रविवारी येणारा मोठा सण साधारणपणे दुसऱ्या दिवशी, सोमवारी सरकतो. २०२४ मध्ये ८ डिसेंबरचा मारियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सण दुसऱ्या रविवारी आला, तेव्हा जागतिक पंचांगात तो ९ डिसेंबरला गेला. स्थानिक फेस्ताचा दिवस मात्र आपापल्या धर्मप्रांताच्या सूचनेवरूनच पाहावा.

हा हिशोब कुठे चालत नाही?

इटलीतल्या मिलान शहराच्या अँब्रोसियन परंपरेत ॲडव्हेंटचे रविवार सहा असतात आणि सुरुवात ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिन यांच्या सणानंतरच्या रविवारी होते. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपवास असतो, तो रविवारवर नव्हे, तारखेवर चालतो.

बाजारात मिळणारी ॲडव्हेंट कॅलेंडरही वेगळी. त्यांत १ ते २४ डिसेंबर अशा चोवीस खिडक्या असतात, कारण दरवर्षी एकच छपाई खपवायची असते. चर्चचा आगमनकाळ त्यांच्याशी फक्त त्याच वर्षी जुळतो, ज्या वर्षी १ डिसेंबरला रविवार असतो. २०२४ मध्ये तो जुळला होता. आता पुन्हा जुळेल तो २०३० मध्ये.