रातांधळेपणाची कुळकथा

नांदेड-लातूरकडील जुन्या माळवदाच्या घरात वैशाखाच्या भर दुपारी बाहेरून आलेला मनुष्य क्षणभर आंधळाच होतो. पाच-दहा मिनिटांत त्याला उतरंडीचा आकार दिसू लागतो, कारण डोळ्यातील शंकुपेशी तोवर सावरलेल्या असतात, परंतु दंडपेशींना पूर्ववत होण्यास अर्ध्या तासाहून अधिक मुदत लागते. ज्याच्या दंडपेशी त्या मुदतीतही सावरत नाहीत तो रातांधळा, आणि त्याच्या व्याधीची कुळी शोधू गेल्यास सुश्रुतापर्यंत जावे लागते, कारण नक्तांध्यावर त्याने बकऱ्याचे यकृत सांगून ठेवले आहे. उपाय बिनचूक होता. त्याचे कारण मात्र फार उशिरा हाती आले.

१८७६ साली फ्रांत्स बोल याने बेडकाच्या दृष्टिपटलावरील तांबूस-जांभळा रंग उजेडात विरताना पाहिला. हायडेलबर्गच्या व्हिल्हेल्म क्यूनेने तो रंग वेगळा काढला, आणि पटल आपल्या पाठच्या काळ्या थराला चिकटून असेल तरच तो अंधारात पुन्हा चढतो, हेही दाखविले. १९३३ साली जॉर्ज वाल्डला दृष्टिपटलात अ-जीवनसत्त्व सापडले, तेव्हा सुश्रुताच्या यकृताचा हिशेब जुळला.

हा रंग म्हणजे रोडॉप्सिन: एक प्रथिन, व त्यात अडकवलेला, अ-जीवनसत्त्वापासून झालेला वाकडा रेणू, रेटिनल. प्रकाशकण लागताच तो वाक सरळ होतो, प्रथिनाची घडी बदलते आणि मध्यस्थ प्रथिनांच्या द्वारा पेशीतील चक्रीय जीएमपी नावाचे द्रव्य नष्ट होऊ लागते. याच द्रव्याच्या अमलाखाली पेशीची आयनद्वारे उघडी असतात. ते सरले की द्वारे मिटतात. म्हणजे दंडपेशी काळोखात संदेशद्रव्य अखंड सोडीत असते आणि उजेड पडला की आखडते घेते. आपली दृष्टी या खंडावर उभी आहे, ही गोष्ट मला अद्यापि विलक्षण वाटते.

सरळ झालेला रेणू काळ्या थरात जाऊन पुन्हा वाकून येतो. या फेऱ्यात जी घट येते ती यकृतातील साठ्याने रक्तावाटे भरून काढावयाची. पण नुसत्या ज्वारीच्या भाकरीवर वाढणाऱ्या, अंबाडी-शेवग्याचा पाला ताटात क्वचित पडणाऱ्या पोराचा साठाच रिता असेल, तर दिवेलागणीला ते चाचपडू लागते. १९७० पासून सरकारने मुलांना या जीवनसत्त्वाचे मोठे डोस देण्याची तजवीज केली आहे. योग्य डोस मिळाल्यावर बहुधा एक-दोन दिवसांतच अशा पोराची संध्याकाळ उजळते.

पुढील मार्ग, म्हणजे दृष्टिचेता, नाकाकडील अर्धे तंतू जेथे पलीकडे जातात ती फुली, थॅलॅमसमधील टप्पा व डोक्याच्या मागील बाजूचे मेंदूचे बाह्यक, या व्याधीत शाबूत असतो. त्या वाटेतील दोष वेळेवरून नव्हे, बाजूवरून ओळखावा: फुलीवर गाठ दाबली तर दोन्ही डोळ्यांची बाहेरची बाजू दिवसाढवळ्याही जाते.

डोस देऊनही रात्र उजळत नसेल, तर मात्र वैद्याने आईबापांचे नाते विचारावे. मामेबहिणीशी सोयरीक करणाऱ्या आपल्या मुलखात दंडपेशी आनुवंशिक दोषाने झिजणारा रातांधळेपणाही आढळतो. त्यात दृष्टीचे क्षेत्र कडेकडून आत आखडत येते, आणि बकऱ्याचे यकृत त्याला लागू पडत नाही.