१९९४ चा वाद आणि आपला वायफाय राऊटर

नव्वदच्या दशकात इंटरनेटचे पत्ते संपणार अशी धास्ती होती. त्यावर तोड म्हणून मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९७ आला. त्यात पत्त्यांचे तीन पट्टे बाजूला काढले होते. कोणालाही न विचारता ते आपापल्या कंपनीत आतल्या आत वापरा! त्यातला 10 चा पट्टा म्हणजे १९९० मध्ये बंद झालेल्या अर्पानेटची रिकामी झालेली जागा.

चारच महिन्यांत आरएफसी १६२७ ने याला जोरदार विरोध केला. पत्ता जगात एकमेव असतो म्हणूनच त्याला अर्थ आहे, तो गुण घालवू नका, असं त्यांचं म्हणणं. हे वाद जिंकले नाहीत. १९९६ च्या आरएफसी १९१८ ने पट्टे कायम केले, मात्र एक सल्ला दिला: पट्ट्यातला तुकडा चिठ्ठी टाकल्यासारखा कुठलाही उचला. पाळतो कोण? राऊटरवाल्यांनी सर्रास 192.168.0 किंवा 192.168.1 भरून दिलं आणि कितीतरी ऑफिसंही तिथूनच सुरू झाली.

याचा हिशोब २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आला. आमच्या टीममधल्या एकाचं व्हीपीएन जोडलं जायचं, मेल चालायचा, पण बिल्ड सर्व्हर काही केल्या दिसेना. मोबाईलच्या हॉटस्पॉटवर मात्र सगळं सुरळीत! मी त्याला हे चालवायला सांगितलं:

```
$ ip route get 192.168.1.20
192.168.1.20 dev wlan0 src 192.168.1.7
```

इथे tun0, म्हणजे व्हीपीएनचा बोगदा, दिसायला हवा होता. दिसलं wlan0, घरचं वायफाय. व्हीपीएनने सांगितलं होतं की 192.168.0.0/16 माझ्याकडे पाठव. घरचं नेटवर्क होतं 192.168.1.0/24. दोन मार्ग लागू पडत असतील तर जास्त नेमका, म्हणजे /24, जिंकतो. त्यामुळे लॅपटॉप बिल्ड सर्व्हरला घरातच हाका मारत बसला होता. (घरच्या टीव्हीला तोच पत्ता मिळाला असता तर उत्तर टीव्हीने दिलं असतं, आणि मग शोधा कारण.) मेल सर्व्हर 192.168.5 मध्ये, म्हणून तो सुखरूप.

तात्पुरता उपाय एका ओळीचा:

```
sudo ip route add 192.168.1.20/32 dev tun0
```

/32 हा सगळ्यात नेमका, म्हणून तो जिंकतो. पण ऑफिसचा सर्व्हर 192.168.1.1 वर असेल आणि घरचा राऊटरही तिथेच, तर हे करू नका. घरच्या राऊटरच्या पत्त्यावर पाठवलेलं सगळं बोगद्यात जाईल. त्याने शेवटी राऊटर 192.168.83 वर नेला आणि प्रश्न मिटला. ऑफिसला मात्र प्रत्येकाच्या घरात शिरून हे करता येत नाही, त्यांनी सर्व्हरच 10 च्या पट्ट्यातल्या आडबाजूच्या तुकड्यात हलवलेले बरे.

आयपीव्ही६ साठी असेच खाजगी पत्ते २००५ मध्ये ठरले, तेव्हा मात्र चिठ्ठीचा नुसता सल्ला राहिला नाही. पत्त्यातले ४० बिट स्वैरपणे निवडायचे, असा नियमच आरएफसी ४१९३ मध्ये घातला.