मध्यकापासूनचं अंतर

रोमपासून रिमिनीपर्यंतची जमीन १७५०च्या सुमारास दोन जेझुइट पाद्र्यांनी मोजली. क्रिस्टोफर मेअर आणि डुब्रोव्हनिकचा रुजेर बोस्कोविच. पृथ्वी ध्रुवांपाशी किती चपटी आहे, हा प्रश्न होता. बोस्कोविचने आपलं माप पॅरिस, लॅपलँड, क्वितो आणि केप ऑफ गुड होपच्या मापांशेजारी ठेवलं, तर पाचही मापं एका रेषेत बसेनात. मग रेषा कुठली धरायची? १७५७ मध्ये त्याने अट घातली: वरच्या आणि खालच्या चुकांची बेरीज सारखी हवी, आणि चिन्हं सोडून सगळ्या चुकांची बेरीज कमीत कमी हवी. चुकांचे वर्ग करण्याची लेजांद्रची पद्धत छापून यायला अजून जवळजवळ पन्नास वर्षं होती.

प्रत्येक आकड्यापासूनच्या अंतरांची बेरीज जिथे सर्वांत लहान होते, ती जागा म्हणजे मध्यक. सात आकडे चढत्या क्रमाने मांडा आणि चौथ्यावर उभे राहा. तिथून एक पाऊल वर सरकलात तर वरचे तीन जवळ येतात, पण खालचे तीन आणि तुम्ही सोडलेला चौथा, असे चार लांब जातात. म्हणजे तोटाच. खाली सरकलात तरी तेच. म्हणून अंतरं मोजायची तर ती मध्यकापासून मोजणं सयुक्तिक. सरासरीपासून मोजली तर बेरीज तेवढीच राहील किंवा वाढेल, घटणार नाही. जर्मनीत फेख्नरने १८७०च्या दशकात याच गुणधर्माचा अभ्यास केला.

दूधवाल्याच्या वहीच्या पानाचा फोटो आलाय असं समजा, सात दिवसांचे लिटर: १२, १५, ११, १४, १८, १३, १५. क्रमाने लावले की ११, १२, १३, १४, १५, १५, १८. मध्यक १४. अंतरं ३, २, १, ०, १, १, ४. बेरीज १२, भागिले ७, म्हणजे सुमारे १.७ लिटर. सरासरीही इथे १४च येते, आणि प्रमाण विचलन सुमारे २.१. दोन्ही मापं साधारण एकच गोष्ट सांगतात.

आता फोटो तिरका आहे, आणि १८मधला १ हा ९ वाचला गेला. १ आणि ९ हाताने लिहिलेले असले की हे होतंच. आकडा झाला ९८. सरासरी १४वरून २५.४वर गेली; मध्यक जागचा हलला नाही. मध्यकापासूनचं सरासरी विचलन १.७वरून १३.१ झालं आणि प्रमाण विचलन २.१वरून २९.७. एक आठपट फुगलं, दुसरं चौदापट. कारण उघड आहे: पहिल्यात ८४चं अंतर ८४च राहतं, दुसऱ्यात सरासरीपासूनच्या अंतराचा वर्ग होतो. तरी आठपट हेही काही थोडं नाही. या मापाला चुकीची बाधा होत नाही असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नये. खरंच चिवट माप हवं असेल तर अंतरांची सरासरी न काढता त्यांचाही मध्यक काढावा. तो इथे आधीही १ होता, नंतरही १च. आणि सातच आकडे असताना हे सगळं करण्याआधी फोटो मोठा करून पुन्हा बघावा, हे आलंच.

मग वर्ग करण्याची पद्धत का जिंकली? गाऊसच्या घंटाकृती वक्रावर चुका वाटलेल्या असतील तर ती खरोखर सरस आहे, आणि वर्ग बीजगणितात सोपे पडतात: स्वतंत्र चुका एकत्र आल्या की वर्गांच्या सरासऱ्यांची सरळ बेरीज करता येते, अंतरांची येत नाही. 'प्रमाण विचलन' हे नाव कार्ल पिअर्सनने १८९०च्या दशकात रूढ केलं. १९१४ मध्ये खगोलशास्त्रज्ञ एडिंग्टनने मात्र लिहिलं की, पुस्तकं काहीही म्हणोत, अनुभवात सरासरी विचलनच बरं पडतं. फिशरने १९२०मध्ये उत्तर दिलं: वक्र अचूक घंटाकृती असेल तर तेवढीच खात्री मिळवायला सरासरी विचलनाला सुमारे १४ टक्के जास्त निरीक्षणं लागतात. गणित बिनचूक होतं. वाद मिटला असं चाळीस वर्षं वाटत राहिलं.

१९६०मध्ये जॉन ट्युकीने त्या गणितातल्या 'असेल तर'कडे बोट दाखवलं. समजा, हजारातली जेमतेम दोन निरीक्षणं तिप्पट पसाऱ्याच्या वक्रातून आली. डोळ्याला वक्र तसाच दिसतो, पण एवढ्यानेच फिशरची आघाडी पुसली जाते. त्याहून जास्त भेसळ झाली तर सरासरी विचलन पुढे निघून जातं.  फोटोवरून उतरवलेल्या यादीत हजारी दोन चुका म्हणजे फारच सफाईचं काम.

यातून निवड बरीचशी ठरते. दोन मोजमापांच्या चुका जोडायच्या असतील, पुढे चाचण्या लावायच्या असतील, उपकरण नीट तपासलेलं असेल, तर प्रमाण विचलन. रोजचं दूध साधारण किती लिटरने वर-खाली होतं एवढंच सांगायचं असेल, आणि आकडे हाताने लिहिलेले असतील, तर मध्यकापासूनचं सरासरी विचलन. मात्र यादीखाली कुठलं माप काढलं आणि कशापासून, ते लिहावं. नाहीतर आपला १.७ आणि दुसऱ्याचा २.१ शेजारी ठेवून कुणीतरी आपलं दूध जास्त नियमित ठरवेल.