थांबला तो संपला?

माझा भाचा गेली दोन वर्षं एकाच प्रश्नाशी झुंजतो आहे. ‘‘मामू, प्लेस्टेशन आत्ता घेऊ, की नवं निघेपर्यंत थांबू?’’ मी त्याला उत्तराऐवजी इतिहास सांगितला. तोच आज तुम्हाला सांगतो.

सोनी कंपनीची ही यंत्रं पिढ्यांनी येतात. दुसरी पिढी २००० साली आली, तिसरी २००६ मध्ये, चौथी २०१३ मध्ये आणि पाचवी २०२० मध्ये. म्हणजे दोन पिढ्यांत साडेसहा-सात वर्षांचं अंतर. मधे तिसऱ्या-चौथ्या वर्षी त्याच यंत्राची सडपातळ आवृत्ती निघते. तिला ‘स्लिम’ म्हणतात. खेळ तेच, पण अंग हलकं.

तिसऱ्या पिढीचं उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २००६ मध्ये अमेरिकेत प्लेस्टेशन ३ चं मोठं मॉडेल ५९९ डॉलरला मिळत होतं. तेही कंपनी तोटा सोसून विकत होती. सप्टेंबर २००९ मध्ये स्लिम आलं, ते २९९ डॉलरला. तीन वर्षं दम धरणाऱ्याचे निम्मे पैसे वाचले.

हे औदार्य नव्हतं. चिप सिलिकॉनच्या गोल चकतीवर छापली जाते. ९० नॅनोमीटरच्या पद्धतीवरून ४५ वर आलं, की चिप लहान होते, एका चकतीतून जास्त चिपा निघतात आणि प्रत्येकीचा खर्च उतरतो. ती वीजही कमी खाते. मग पंखा लहान, वीजपुरवठ्याचा भाग लहान, खोकंही लहान. किंमत उतरण्याचं मूळ इथं होतं.

मात्र थांबणाऱ्याने काही गमावलंही. अमेरिकेतल्या पहिल्या मॉडेलात प्लेस्टेशन २ च्या चिपा बसवलेल्या होत्या, त्यामुळे जुन्या तबकड्या त्यावर चालत. खर्च वाचवताना ही सोय काढून टाकली गेली, आणि स्लिमवर त्या तबकड्या चालेनात. ज्याच्या कपाटात जुने खेळ होते, त्याला स्वस्त यंत्र महाग पडलं. २०१६ च्या प्लेस्टेशन ४ स्लिममधून ध्वनीची ऑप्टिकल जोडणी गेली. म्हणून स्लिम घेताना काय वाढलं यापेक्षा काय काढलं, ते आधी पाहावं.

आणि जो थेट पुढच्या पिढीसाठी थांबला, त्याचं काय झालं? प्लेस्टेशन ४ नोव्हेंबर २०१३ मध्ये ३९९ डॉलरला आलं, पण तिसऱ्या पिढीच्या तबकड्या त्यावर चालत नव्हत्या. ‘द लास्ट ऑफ अस’ हा गाजलेला खेळ त्याच वर्षी जूनमध्ये जुन्या यंत्रावर आला होता. नव्या यंत्रावर तो यायला जुलै २०१४ उजाडलं. पिढीच्या सुरुवातीला यंत्र नवं असतं, खेळ मात्र थोडे असतात.

भाच्याने हे ऐकून लगेच निष्कर्ष काढला, ‘‘म्हणजे स्लिमसाठी थांबायचं!’’ इथंच इतिहास कूस बदलतो. प्लेस्टेशन ५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी ४९,९९० रुपयांना आलं. २०२२ अखेर तेच ५४,९९० झालं. २०२४ मध्ये स्लिम इथं आलं, तेही ५४,९९० लाच. साठवण ८२५ जीबीवरून एक टीबी झाली खरी, पण उभं ठेवण्याचं स्टँड वेगळं विकत घ्यावं लागू लागलं. अमेरिकेत तर ऑगस्ट २०२५ मध्ये, म्हणजे पाचव्या वर्षी, किंमत ५० डॉलरने वाढली. पूर्वी या वयात यंत्राची किंमत उतरत असे.

याचं एक कारण पुन्हा त्या चकतीतच आहे. चिप अजूनही थोडी लहान होते, पण नव्या पद्धतीची चकतीच इतकी महाग झाली आहे, की बचत हाती फारशी उरत नाही. त्यात महागाई आणि चलनाचे चढउतार. ‘थांबा, स्वस्त होईल’ हा नियम एका कारणावर उभा होता. कारण ढासळलं, तसा नियमही ढासळला.

मात्र थांबण्याचा तोटा जसा वाढला, तसा आज घेण्याचा धोका कमी झाला. प्लेस्टेशन ४ चे जवळपास सगळे खेळ पाचवर चालतात. शिवाय नवी पिढी आली म्हणून जुनी लगेच पोरकी होत नाही. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ नोव्हेंबर २०२२ मध्ये, नवं यंत्र येऊन दोन वर्षं झाल्यावरही, प्लेस्टेशन ४ साठी निघाला.

म्हणून मी भाच्याला एवढंच म्हणालो, ‘‘खेळायची इच्छा असलेले चार-पाच खेळ आज निघालेले असतील, तर घे. नसतील, तर ते निघेपर्यंत थांब. पण नुसतं स्वस्त होईल म्हणून थांबू नकोस.’’

त्याने कागद घेतला आणि यादी लिहायला बसला. तिसऱ्या नावापाशी त्याची पेन्सिल अडली आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)