मूत्रातील प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर

मूत्रावाटे दिवसभरात किती प्रथिन जाते, हे लघवीच्या एकाच नमुन्यावरून अजमावण्याची पद्धत. लघवी पातळ किंवा दाट असली की प्रथिनाची तीव्रता बदलते. पण क्रिएटिनिनही त्याच प्रमाणात बदलत असल्याने भागाकार फारसा हलत नाही. प्रौढ व्यक्ती दिवसाला सुमारे १ ग्रॅम क्रिएटिनिन टाकते, हे यामागचे गृहीतक. नमुन्यात दर डेसिलिटरला प्रथिन ९० आणि क्रिएटिनिन ६० मिलिग्रॅम असेल, तर गुणोत्तर १.५, म्हणजे दिवसाला अंदाजे दीड ग्रॅम प्रथिन. मात्र कृश वृद्धेचे क्रिएटिनिन ०.६ ग्रॅमच असेल, तर खरे प्रथिन ०.९ ग्रॅम ठरते. पिळदार शरीराच्या माणसात चूक उलट्या दिशेने होते.

चोवीस तासांच्या संकलनात सकाळची पहिली लघवी टाकून वेळ लिहितात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी साठवतात. एखादी लघवी हुकणे ही नेहमीची चूक. ५० किलो वजनाच्या तरुणीकडून साधारण ७५० ते १००० मिलिग्रॅम क्रिएटिनिन अपेक्षित असते. ४५० च भरले, तर संकलन अपुरे समजावे.

निदान आणि नियमित पाठपुराव्यासाठी सकाळच्या पहिल्या लघवीचे गुणोत्तर पुरते. गर्भारपणातही ०.३ ही मर्यादा ३०० मिलिग्रॅमच्या जागी वापरतात. स्नायू फार कमी वा जास्त असताना, किंवा उपचाराचा मोठा निर्णय सीमेवरच्या आकड्यावर अडला असताना, चोवीस तासांचे संकलनच करावे.