निश्चित समाकलनातील अक्षर

निश्चित समाकलनाचे उत्तर ही एक संख्या असते. ∫₀² t² dt म्हणजे 0 ते 2 या सीमांमध्ये वक्राखाली येणारे क्षेत्रफळ. ते 8/3 आहे. t च्या जागी u किंवा x लिहिले तरी वक्र तोच, सीमा त्याच, म्हणून उत्तरही तेच. हे अक्षर समाकलनापुरतेच जगते. उत्तरात त्याचा मागमूस राहत नाही.

घोटाळा होतो तो तेच अक्षर सीमेतही आले म्हणजे. ∫₀ˣ x dx असे लिहिल्यास वरच्या सीमेतील x बाहेरून दिलेला असतो, तर आतील x हा 0 पासून त्या सीमेपर्यंत फिरतो. x = 3 घेतल्यास 3 फक्त सीमेत ठेवता येतो; आत ठेवल्यास ‘d3’ असे निरर्थक चिन्ह उरते. येथे उत्तर x²/2 बरोबर मिळते आणि त्यामुळेच चूक लपून राहते.

∫₀ˣ (x − t) dt या उदाहरणात ती उघडी पडते. येथे t फिरतो, x स्थिर राहतो. म्हणून उत्तर x·x − x²/2, अर्थात x²/2. x = 4 असता ते 8 येते. मात्र ‘अक्षराला महत्त्व नाही’ म्हणून t चा x केला, तर आत x − x, म्हणजे शून्य उरते आणि उत्तरही शून्य येते.

तेव्हा अक्षर बदलण्याची मुभा आहे, पण नवे अक्षर त्या राशीत किंवा सीमांत आधीपासून वापरलेले नसावे.