निवडणूक प्रशिक्षणाचा आदेश

निवडणूक प्रशिक्षणाचा आदेश म्हणजे मतदान केंद्रावर काम करण्यासाठी निवडलेल्या कर्मचाऱ्याला जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडून येणारे सक्तीचे बोलावणे. कोणत्या पदावर नेमणूक झाली, प्रशिक्षण कोणत्या तारखेला, कुठल्या सत्रात आणि कुठे, गैरहजर राहिल्यास काय होईल, एवढे त्यात असते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात विधानसभेचे नऊ मतदारसंघ आहेत. त्यामुळे दर मोठ्या निवडणुकीआधी हा कागद जिल्हा परिषदेच्या शाळांत, महापालिकेच्या विभागांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात, महावितरणच्या कार्यालयांत आणि राष्ट्रीयीकृत बँकांच्या शाखांत पोहोचतो. तो बहुधा कार्यालयप्रमुखाच्या हातून मिळतो आणि पोच म्हणून सही घेतली जाते. पुढे वाद झाला, तर ‘मला कळलेच नाही’ या सबबीचा निकाल त्या सहीवर लागतो.

आदेशामागचा अधिकार राज्यघटनेच्या अनुच्छेद 324 मध्ये आहे. निवडणूक आयोगाने मागणी केल्यावर राष्ट्रपती किंवा राज्यपालांनी कर्मचारीवर्ग उपलब्ध करून द्यावा, असे त्याच्या सहाव्या खंडात म्हटले आहे. पुढचा तपशील लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 मध्ये येतो. कलम 26 नुसार जिल्हा निवडणूक अधिकारी प्रत्येक केंद्रासाठी मतदान केंद्राध्यक्ष आणि मतदान अधिकारी नेमतो. कलम 159 नुसार स्थानिक संस्था, कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, सरकारी कंपन्या आणि शासनाच्या पैशावर पूर्णतः किंवा मुख्यतः चालणाऱ्या संस्था यांना आपली माणसे द्यावी लागतात. शासनाकडून अनुदान न घेणाऱ्या खासगी शाळा या यादीत बसत नाहीत. शिक्षकांच्या बाबतीत ‘अशैक्षणिक काम’ हा आक्षेप वारंवार घेतला जातो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने शिक्षकांना बहुतेक अशैक्षणिक कामांतून सोडवले आहे खरे, पण जनगणना, आपत्तीतील मदतकार्य आणि निवडणुका हे तीन अपवाद त्याच कलमात लिहिलेले आहेत.

तारीख बदलून मिळणे इतके अवघड का, याचे उत्तर सरमिसळीत आहे. कोणता कर्मचारी कुठे जाणार हे कोणाच्या मर्जीवर राहू नये, म्हणून संगणकावर तीन टप्प्यांत सरमिसळ केली जाते. पहिल्या टप्प्यात उपलब्ध यादीतून माणसे निवडली जातात आणि त्यांचे पद ठरते. या टप्प्यावर मतदारसंघ सांगितला जात नाही. पहिले प्रशिक्षण यानंतर होते. दुसऱ्या टप्प्यात आयोगाच्या निरीक्षकासमोर पथके बांधली जातात आणि विधानसभा मतदारसंघ कळतो. दुसरे प्रशिक्षण त्या मतदारसंघाच्या ठिकाणी, शक्यतो संपूर्ण पथकासह होते. केंद्राचे नाव तिसऱ्या टप्प्यात, साहित्य घेऊन निघण्याच्या वेळी उघड होते. पहिल्या प्रशिक्षणात एक जण गळाला, तर राखीव यादीतून दुसरा घेता येतो. दुसऱ्या प्रशिक्षणात मात्र जुळलेले पथक मोडते. म्हणून पहिल्या सत्राच्या तारखेबाबत थोडी लवचीकता दाखवली जाते, दुसऱ्याबाबत जवळपास नाही. हा फरक खरे तर आदेशातच ठळक छापायला हवा. तो ठाऊक नसल्यामुळे कर्मचारी पहिल्या सत्राच्या वेळी गप्प राहतात आणि दुसऱ्याच्या आदल्या दिवशी अर्ज घेऊन धावतात.

हजेरीचा नियम साधा आहे. प्रशिक्षणाच्या ठिकाणी खोली आणि अनुक्रमांकानुसार छापलेले हजेरीपत्रक असते. कर्मचाऱ्याने त्यातल्या आपल्या नावासमोर सही करायची. सकाळच्या सत्राचे नाव असलेला माणूस परस्पर दुपारी जाऊन बसला, तर दुपारच्या पत्रकात त्याचे नाव नसते आणि सकाळच्या पत्रकात त्याच्यापुढची जागा कोरी राहते. प्रशिक्षण पूर्ण घेऊनही अशा रीतीने माणूस कागदावर गैरहजर ठरू शकतो. सत्र बदलायचे असेल, तर आधी परवानगी घ्यावी, ती लेखी असावी आणि दुसऱ्या सत्राच्या पत्रकात नाव घातले गेल्याची खात्री करून घ्यावी.

गैरहजेरीच्या परिणामांबद्दल आदेशात बहुतेक वेळा एकच वाक्य असते: लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 134 अन्वये कारवाई करण्यात येईल. वाजवी कारणाशिवाय निवडणूक कर्तव्यात कसूर केल्यास या कलमाखाली शिक्षा आहे 500 रुपयांपर्यंत दंड. रक्कम किरकोळ वाटते. पण हा दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस दंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट न पाहता गुन्हा नोंदवू शकतात. गुन्हा नोंदला गेला की सेवेतल्या माणसाला त्याची झळ दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त बसते.

त्याहून मोठे बळ कलम 28अ मध्ये आहे. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून निकाल जाहीर होईपर्यंत नेमलेले अधिकारी आणि कर्मचारी आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर असल्याचे मानले जाते आणि शिस्तीच्या बाबतीत ते आयोगाच्या नियंत्रणाखाली येतात. या अधिकाराची व्याप्ती काय, यावर आयोग आणि केंद्र सरकार यांच्यात सर्वोच्च न्यायालयात वाद चालला आणि 2000 साली तडजोड झाली. कसूर करणाऱ्याला निलंबित करणे, त्याच्या जागी दुसरा नेमणे आणि विभागीय चौकशीची शिफारस करणे, हे आयोगाचे अधिकार तीत मान्य झाले. प्रत्यक्षात आधी कारणे दाखवा नोटीस येते आणि खुलाशाला थोडाच अवधी मिळतो. खुलासा पटला, तर उरलेल्यांसाठी ठेवलेल्या सत्रात बसवले जाते. पटला नाही किंवा आलाच नाही, तर प्रकरण पुढे सरकते.

शिक्षेबद्दल एक गैरसमज कर्मचाऱ्यांत हमखास आढळतो: तीन महिने ते दोन वर्षे कैदेचा. ही शिक्षा कायद्यात आहे, पण ती लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1950 च्या कलम 32 मध्ये आणि मतदार यादी तयार करणे, सुधारणे या कामातल्या कसुरीसाठी. मतदान केंद्रावरच्या नेमणुकीला ते कलम लागत नाही. त्यामुळे हाती आलेला आदेश यादीच्या कामाचा आहे की मतदान पथकाचा, हे आधी पाहावे.

एक उदाहरण घेऊ. व्यक्ती काल्पनिक आहे, पण प्रसंग 2024 च्या लोकसभा निवडणुकीच्या चौकटीतला. त्या वर्षी जिल्ह्यात 13 मे रोजी मतदान झाले. शहराचे आणि जिल्ह्याचे नाव बदलले असले, तरी लोकसभा मतदारसंघाचे नाव औरंगाबाद हेच होते. जिल्ह्यातले कन्नड, वैजापूर, गंगापूर आणि शहरातले तीन असे सहा विधानसभा मतदारसंघ त्यात येतात. सिल्लोड, फुलंब्री आणि पैठण हे तीन जालना लोकसभा मतदारसंघात आहेत. कन्नडचा मतदार असलेल्या एका शिक्षकाला मतदान अधिकारी क्रमांक 1 म्हणून आदेश आला. पहिल्या प्रशिक्षणाच्या दिवशीच त्याच्या आईची शस्त्रक्रिया ठरलेली होती. त्याने मुख्याध्यापकांमार्फत सहायक निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे त्याच आठवड्यात अर्ज दिला. त्यात आदेशावरचा क्रमांक आणि पद लिहिले, रुग्णालयाचे पत्र जोडले आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ड्युटी रद्द करा असे न म्हणता दुसरे सत्र मागितले. अशा अर्जाचा निर्णय सोपा असतो, कारण त्यातून माणूस कमी होत नाही, फक्त त्याची बैठक बदलते. परवानगीचा शेरा असलेली प्रत त्याने स्वतःजवळ ठेवली आणि बदललेल्या सत्राच्या पत्रकावर सही केली.

हे सत्र त्याने बुडवले असते, तर स्वतःच्या मतदानाचा प्रश्नही उभा राहिला असता, कारण मतदानाचे अर्ज प्रशिक्षणातच वाटले आणि भरून घेतले जातात. नेमणूक आपल्याच लोकसभा मतदारसंघातल्या केंद्रावर असेल, तर नमुना 12अ भरून निवडणूक कर्तव्य प्रमाणपत्र मिळते आणि ड्युटीच्या केंद्रावर यंत्रावरच मत देता येते. नेमणूक दुसऱ्या लोकसभा मतदारसंघात असेल, तर नमुना 12 भरून टपाली मतपत्रिका घ्यावी लागते आणि मत सुविधा केंद्रावर नोंदवावे लागते. आपल्या शिक्षकाला वैजापूर मिळाले असते, तर प्रमाणपत्र चालले असते. कन्नडला लागून असलेले सिल्लोड मिळाले, तर मात्र तो जालना मतदारसंघात गेला आणि टपाली मतपत्रिका आवश्यक झाली. एकाच जिल्ह्यात राहून हा फरक पडतो, आणि तो समजावून सांगण्याची जागा प्रशिक्षणाचा वर्ग हीच आहे.

पूर्ण सूट मागणे हा वेगळा मार्ग आहे आणि तिचा निर्णय जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याच्या पातळीवर होतो. गरोदर स्त्रिया आणि प्रसूती रजेवरील कर्मचारी यांना या कामातून वगळले जाते. पती-पत्नी दोघेही सेवेत असतील आणि घरी लहान मुले किंवा वृद्ध आईवडील असतील, तर विनंतीवरून एकाला सूट देता येते. गंभीर आजारात साधे वैद्यकीय प्रमाणपत्र पुरेल असे धरून चालू नये, कारण निवडणुकीच्या हंगामात त्या प्रमाणपत्रांची संख्या एकदम वाढते आणि वैद्यकीय तपासणी करून घेण्याचा आदेश निघू शकतो. खरोखर आजारी असलेल्याने जुने तपासणी अहवाल आणि औषधोपचाराचे कागद सुरुवातीलाच जोडावेत. अर्ज दिला म्हणजे सूट मिळाली, असे मात्र नाही. लेखी उत्तर हाती येईपर्यंत मूळ आदेश कायम असतो आणि प्रशिक्षणाला हजर राहावेच लागते.

एवढी सक्ती कशासाठी, ते मतदानाच्या पहाटे दिसते. मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधी, म्हणजे सातला मतदान असेल तर साडेपाचला, उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यायचे असते. त्यात किमान 50 मते टाकली जातात. बॅलट युनिटची केबल व्हीव्हीपॅटला आणि व्हीव्हीपॅटची कंट्रोल युनिटला जोडायची. औरंगाबाद मतदारसंघात 2024 ला 37 उमेदवार होते आणि एका बॅलट युनिटवर ‘नोटा’ धरून 16 नावे मावतात, म्हणून प्रत्येक केंद्रावर तीन युनिटे क्रमाने जोडावी लागली. अभिरूप मतदान संपल्यावर कंट्रोल युनिटवर आधी ‘क्लोज’, मग ‘रिझल्ट’, मग ‘क्लिअर’ हा क्रम पाळायचा आणि व्हीव्हीपॅटमधल्या चिठ्ठ्या काढून वेगळ्या पाकिटात सील करायच्या.

घाईत कधी हा क्रमच पाळायचा राहून जातो. यंत्र तक्रार करत नाही, मतदान सुरळीत चालते, आणि ती 50 मते खऱ्या मतांखाली दडून राहतात. चूक पकडायची असेल, तर पहिला मतदार आत येण्याआधी ‘टोटल’ दाबून शून्य दिसते का ते पाहावे आणि नंतर ठरावीक वेळाने हा आकडा नोंदवहीतल्या, म्हणजे नमुना 17अ मधल्या नोंदींशी ताडून पाहावा. हे झाले नाही, तर तफावत मतमोजणीच्या टेबलावर नमुना 17क शी ताळा घेताना उघड होते. मग ते यंत्र बाजूला ठेवले जाते, आणि विजयाचे अंतर अशा केंद्रांवरच्या एकूण मतांइतके किंवा त्याहून कमी असेल, तर व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजाव्या लागतात. वर्गात एकदा स्वतःच्या हाताने हा क्रम केलेला माणूस ही चूक सहसा करत नाही. म्हणून ज्या सत्रात शंभर-दोनशे जणांना फक्त पडद्यावर यंत्र दाखवले जाते, तिथे हजेरी पूर्ण भरली तरी आदेशाचा हेतू साधत नाही. प्रत्येकाने यंत्राला हात लावल्याची नोंद हजेरीपत्रकाच्या शेजारीच असायला हवी.

हे सारे लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांबद्दल झाले. महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका मात्र राज्य निवडणूक आयोग घेतो. छत्रपती संभाजीनगर महापालिकेसाठी 15 जानेवारी 2026 रोजी मतदान झाले, ते या आयोगाच्या देखरेखीखाली. तिथल्या प्रशिक्षणाच्या आदेशाला 1951 चा अधिनियम लागू नसतो. त्या त्या स्थानिक संस्थेच्या कायद्यातील तरतुदी लागतात, शिवाय एका मतदाराला प्रभागातल्या एकाहून अधिक जागांसाठी मत द्यायचे असल्याने यंत्राची मांडणीही वेगळी असते. लोकसभेचे प्रशिक्षण झाले आहे, या कारणावर महापालिकेच्या प्रशिक्षणातून सूट मिळत नाही.